फुलफिलमेंट सेंटरला कोणता माल पाठवावा आणि कोणता नाशिकलाच ठेवावा: तांब्या-पितळेच्या ऑनलाइन विक्रेत्यांचे नेहमीचे प्रश्न

भांडी बाजारातले आणि तांबट लेनच्या आसपासचे बरेच दुकानदार आता मार्केटप्लेसवर विकतात. त्यांच्याकडून येणारे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. माल मार्केटप्लेसच्या भिवंडीतल्या गोदामात, म्हणजे सेंटरला, पाठवला तर खप वाढतो, पण पडून राहिला तर भाड्यातच नफा जातो. मग पाठवायचा कोणता आणि किती? आमच्या घरचा धंदा तांब्या-पितळेचाच आहे, म्हणून खालची उदाहरणं त्याच मालाची आहेत. पैशांचे आकडे आमच्या वहीतले, समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले. भाड्याचा दर हिशोबापुरता महिन्याला घनफुटामागे ४५ रुपये धरला आहे. तुमच्या सेलर खात्यातल्या रेट कार्डावर जो दर असेल तो तिथे घाला. हिशोबाची रीत तीच राहते.

साठवणुकीचं भाडं नेमकं कशावर लागतं?

मालाच्या किमतीवर नाही, वजनावर नाही. तो किती जागा अडवतो आणि किती दिवस अडवतो, त्यावर लागतं. पॅक केलेल्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८,३१७ ने भागा. येईल ते घनफूट.

आमची एक लीटरची तांब्याची बाटली ९ × ९ × २८ च्या खोक्यात बसते. म्हणजे ०.०८ घनफूट, महिन्याचं भाडं ३ रुपये ६० पैसे. पितळी समईची जोडी २० × २१ × ४५ च्या खोक्यात जाते. म्हणजे घनफुटाचे दोन तृतीयांश, महिन्याला ३० रुपये. आणि मधल्या आकाराचा हंडा ४० × ४० × ३५ च्या खोक्यात. जवळपास दोन घनफूट, महिन्याला ८९ रुपये. हंडा आतून पोकळ असतो, आणि भाडं आपण त्या पोकळीचंही भरतो. वजनाने जड माल महाग पडेल या भीतीने लोक वजनाकडे बघत बसतात. भाड्याच्या बाबतीत घात करतो तो फुगीर माल.

एक काम जरूर करा. सेंटरने तुमच्या खोक्याचं जे माप नोंदवलं आहे ते खात्यात दिसतं, ते स्वतःच्या टेपने मोजून ताडून बघा. एका बाजूला चार सेंटिमीटर जास्त नोंदले गेले तर प्रत्येक नगावर, प्रत्येक महिन्याला तेवढं जादा भाडं जात राहतं. माप चुकलं असेल तर पुन्हा मोजण्याची विनंती करता येते.

या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून इथल्या हिशोबात तो धरलेला नाही.

जास्त दिवस पडून राहिलेल्या मालाचं जादा भाडं वेगळं असतं का?

हो. महिन्याचं भाडं पहिल्या दिवसापासून चालू असतं. माल ठरावीक वयाच्या पुढे गेला की त्याच्यावर आणखी एक आकार चढतो आणि वय वाढेल तसा तोही वाढतो. खात्यातल्या इन्व्हेंटरी एज रिपोर्टमध्ये मालाचे ० ते ९० दिवस, ९१ ते १८०, १८१ ते २७० असे रकाने असतात. तुमच्या रेट कार्डात जादा आकार कोणत्या दिवसापासून आहे ते बघून ती तारीख प्रत्येक खेपेपुढे वहीत लिहून ठेवा.

वय मोजताना जो माल आधी आला तो आधी गेला असं धरतात. आज एक समई विकली गेली तर हिशोबात सर्वांत जुनी कमी होते, मग हमालाने रॅकवरून कालच आलेली उचललेली का असेना. हे विक्रेत्याच्या फायद्याचं आहे. पण यातून एक गैरसमज होतो. नवा माल पाठवला की जुन्याचं वय पुसलं जाईल असं काहींना वाटतं. तसं होत नाही. खप महिन्याला दोन आणि तुम्ही पाठवता चार, तर शेपूट लांबत जाते, आणि जादा आकार त्या शेपटालाच लागतो. एकाच वस्तूचे दोन एसकेयू, म्हणजे दोन वेगळे माल-क्रमांक, करून दोन्ही सेंटरला ठेवणंही टाळा. एकाच्या विक्रीने दुसऱ्याचं वय कमी होत नाही.

मग कोणता माल पाठवायचा, हे ठरवायचं कसं?

बहुतेक जण विचारतात, ‘या वस्तूत मला नफा किती? भाडं त्याहून कमी आहे ना? मग पाठवू.’ हा प्रश्नच चुकीचा आहे. वस्तू सेंटरला पाठवली नाही म्हणून ती विकली जाणार नाही असं थोडंच आहे? ती नाशिकहून, तुमच्या गोदामातून कुरिअरनेही जाते. म्हणून भाडं ताडून बघायचं ते सगळ्या नफ्याशी नाही. सेंटरमधून विकल्यामुळे जो *वरकड* नफा मिळतो, फक्त त्याच्याशी ताडायचं.

समईच्या जोडीचं घ्या. सेंटरमधून विकली तर कमिशन, उचल-पॅकिंगचा आकार, वाहतूक, आपलं कार्टन, लेबल आणि टेम्पो असं सगळं वजा जाता आमच्या हातात २६० रुपये राहतात. तीच जोडी नाशिकहून गेली तर २०० राहतात, कारण त्या पद्धतीत वाहतुकीचा आकार जास्त पडतो आणि पॅकिंगचा माणूस आपला. वरकड नफा ६० रुपये. महिन्याचं भाडं ३०. म्हणजे जी जोडी दोन महिन्यांच्या आत विकली जाईल ती पाठवावी. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर ती घरीच बरी. २६० रुपये नफा बघून निर्णय घेतला असता तर साडेआठ महिने पडून राहिलेली जोडीही फायद्याची वाटली असती.

यात एक अट आहे. नाशिकच्या गोदामातली जागा तुमचीच आहे किंवा तिचं भाडं तसंही भरताच आहात, असं इथे धरलं आहे. अंबडला किंवा सातपूरला मालासाठी मुद्दाम गाळा घेतला असेल तर त्याचंही घनफुटामागचं भाडं काढा आणि दोन भाड्यांमधला फरकच हिशोबात घ्या.

आता हीच फूटपट्टी बाकीच्यांना लावू. बाटलीवर वरकड नफा ३० रुपये आणि भाडं महिन्याला ३ रुपये ६० पैसे. भाड्यापुरतं बघितलं तर ती आठ महिने ठेवली तरी परवडेल, आणि खपते तर रोज तीन. बाटली डोळे मिटून पाठवण्यासारखी आहे. (किती दिवसांची पाठवायची ते भाड्यावर नाही, तांबं काळवंडण्यावर ठरतं. ते पुढे येईल.) हंड्यावर वरकड नफा ७० रुपये आणि एकाच महिन्याचं भाडं ८९. महिन्याला दोन विकले जातात. आम्ही एकही हंडा पाठवत नाही, आणि हा निर्णय कधी बदलावासा वाटला नाही.

पण सेंटरला ठेवल्यावर लवकर पोचणाऱ्या मालाचा बॅज मिळतो आणि खपही वाढतो. त्याचं काय?

बरोबर आहे, आणि तो हिशोबात धरायलाच हवा. बॅजमुळे जो नग *जास्तीचा* विकला जातो, जो नाशिकहून विकलाच गेला नसता, त्याचा सगळा २६० रुपये नफा सेंटरच्या खात्यात जमा धरा. अडचण ही की खप किती वाढला हे लोक सणाच्या दिवसांत मोजतात. श्रावणात समई कुठूनही विकली जाते.

माघ-फाल्गुनात, मागणी सपाट असताना सहा-सात जोड्या पाठवा आणि त्याआधीच्या दोन महिन्यांच्या नाशिकच्या विक्रीशी ताडून बघा. त्या काळात दर आणि जाहिरात बदलू नका. आमच्या बाटलीचा खप अशा चाचणीत जवळपास दुप्पट झाला होता. समईचा महिन्याला दीडवरून दोनवर गेला, हंड्याचा हललाच नाही. याचं कारण मला असं वाटतं की बाटली लोकांना उद्या हवी असते. हंडा घेणारा चार दिवस थांबायला तयार असतो.

किती पाठवायचं ते सरासरी खपावरून काढू का?

सरासरीवरून सुरुवात करा, पण निर्णय शेवटच्या नगावरून घ्या. रोज तीन खपणाऱ्या १५० बाटल्या पाठवल्या तर सरासरी नग २५ दिवस राहतो आणि शेवटचा ५०. दोन्ही आकडे ठीक आहेत. पण महिन्याला दोन खपणाऱ्या समयांच्या २४ जोड्या पाठवल्या तर सरासरी सहा महिने आणि शेवटची जोडी वर्षभर. सरासरीच्या आकड्याने मनाचं समाधान होतं आणि बिल शेवटची जोडी आणते.

म्हणून प्रश्न असा विचारा: या खेपेतला शेवटचा नग किती दिवसांनी जाईल? समईला आमची मर्यादा दोन महिन्यांची. म्हणजे सपाट दिवसांत चार जोड्या, बस. चार जोड्यांसाठी टेम्पो पाठवणं हास्यास्पद वाटेल, पण टेम्पो बाटल्यांसाठी जातोच आहे, त्यात दोन कार्टन समयांची.

एवढं कळत असताना माल अडकतो कसा? एखादं खरं उदाहरण सांगाल का?

आमचंच सांगतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिक मासात जावयाला वाण देतात. अनारसे तर असतातच, पण सोबत ताम्हन, निरांजन, समई अशी तांब्या-पितळेची वस्तू देणारी घरं पुष्कळ. दीपदान म्हणूनही दिवे दिले जातात. त्या महिन्यात आमच्या समया धडाधड गेल्या. मागोमाग निज श्रावण आणि १९ सप्टेंबरला गणपती आले. खात्यात रोज माल मागवण्याची शिफारस दिसत होती, कारण ती शिफारस मागच्या काही आठवड्यांच्या विक्रीवर चालते. आम्हीही त्या आकड्याने भारावलो आणि सप्टेंबरअखेरीस दिवाळीसाठी ६० जोड्या पाठवल्या.

दिवाळीपर्यंत ३५ गेल्या. नोव्हेंबरच्या मध्याला २५ जोड्या उरल्या आणि खप महिन्याला दोनवर येऊन बसला. तेव्हाच हिशोब करायला हवा होता. आम्ही म्हटलं, जातील हळूहळू, लग्नसराई आहे. मार्चअखेरपर्यंत नऊ गेल्या. त्या साडेचार महिन्यांत या एका वस्तूचं भाडं पावणेतीन हजारांच्या आसपास गेलं, आणि मालाने १८० दिवस ओलांडल्यावर जादा आकाराची पहिली ओळ बिलात आली तेव्हा डोळे उघडले. एप्रिलमध्ये उरलेल्या १६ जोड्या परत मागवल्या. पुढच्या गणपतीपर्यंत त्या नाशिकहूनच विकल्या गेल्या, एकही पैसा भाडं न भरता. माल वाईट नव्हता, दरही चुकला नव्हता. तो फक्त चुकीच्या जागी पडून होता.

यातून आम्ही जी गोष्ट पक्की केली ती पंचांगाची. अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. त्या महिन्यातली विक्री हा कल नसतो, पुढच्या अंदाजातून ती वेगळी काढून ठेवावी लागते. शिवाय अधिक मास आला की पुढचे सण सरकतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला जाते आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी अमुक तारखेला माल संपला म्हणून यंदाही त्याच तारखेला भरला, तर तो अडीच-तीन आठवडे आधीच जाऊन बसेल. आम्ही मागची विक्री आता तारखेने लिहीत नाही, ‘चतुर्थीच्या आधी चौथा आठवडा, तिसरा आठवडा’ अशी लिहितो. शिफारशीचा आकडा बघतो, पण मान्य करण्याआधी तो कोणत्या आठवड्यांवरून आला ते या वहीत तपासतो.

सणाचा मालही आता एका दमात पाठवत नाही. अंदाज ४० जोड्यांचा असेल तर आधी २५, आणि पहिल्या आठवड्याची विक्री बघून उरलेल्या. दुसरी खेप मात्र मोठ्या सेलच्या तोंडावर ठरवू नका. तेव्हा सेंटरच्या दारात अपॉइंटमेंट मिळत नाही आणि माल आत घ्यायलाही दिवस लागतात.

पाठवलेला माल पडून आहे. तिथेच विकू की परत मागवू?

इथे हिशोब थोडा बदलतो, कारण आता परत आणण्याचाही खर्च आहे. पुन्हा तीच दिवाळीनंतरची स्थिती घेऊ, २५ जोड्या, महिन्याला दोन खप.

परत मागवण्याचा आकार आणि इथे आल्यावर पुसून पुन्हा पॅक करणं मिळून जोडीमागे ४५ रुपये धरा. परत आणलेली जोडी नाशिकहून विकली की २०० मिळतात, त्यातून ४५ गेले, राहिले १५५. तिथेच ठेवलेली जोडी २६० देते, पण महिन्याला ३० खाते. २६० आणि १५५ मधला फरक १०५. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत जाणारी जोडी तिथेच ठेवणं चांगलं. खप दोनचा, तर साडेतीन महिन्यांत सात जातील. सात ठेवायच्या, अठरा परत.

सगळ्या २५ तिथेच ठेवल्या असत्या तर त्या अठरांचं नुसतं भाडं ४,४५५ रुपये झालं असतं. परत मागवण्याचा खर्च ८१० आणि सोडलेला वरकड नफा १,०८०, एकूण १,८९०. अडीच हजारांहून जास्त वाचले असते, आणि वयाचा जादा आकार यात धरलेलाच नाही.

पाठवण्याआधी मर्यादा दोन महिन्यांची होती, पाठवल्यावर ती साडेतीन झाली, हे नीट ध्यानात घ्या. एकदा आत गेलेला माल बाहेर काढायला पैसे पडतात, म्हणून पाठवतानाच हात आखडता ठेवायचा.

सगळा माल परत मागवू नका. सात तिथे असल्या की बॅज राहतो, आणि अठरा नाशिकहून त्याच लिस्टिंगवर वेगळ्या एसकेयूने विकता येतात. हा दुसरा एसकेयू घरच्या मालापुरता, सेंटरच्या मालाचा एकच. परत मागवलेला माल लगेच येत नाही, कधी तीन-तीन वेगवेगळ्या पार्सलांत येतो. म्हणून अर्ज जादा आकाराच्या तारखेच्या आदल्या दिवशी नाही, निदान महिनाभर आधी टाका.

दर उतरवून तिथेच संपवणं हाही मार्ग आहे. जोडीमागे ५० रुपये उतरवून महिन्याला दोनच्या सहा जाणार असतील तर उतरवा. पण पितळेची समई स्वस्त झाली म्हणून कुणी दोन घेत नाही. आमचा अनुभव असा की सण नसताना दर उतरवला तर खप थोडाच वाढतो आणि पुढच्या सणाला दर वर न्यायला जड जातं.

परत मागवण्यापेक्षा तिथेच नष्ट करायला सांगितलं तर? तो आकार कमी असतो.

प्लास्टिकच्या डब्यांना हा विचार चालेल. तांब्या-पितळेला अजिबात नाही. समईच्या किमतीतला मोठा भाग धातूचाच असतो. पोचा आलेली, काळी पडलेली, गिऱ्हाइकाने वाकवून परत केलेली समईही मोड म्हणून भट्टीवर वजनाने विकली जाते. नष्ट करायला सांगणं म्हणजे ते पितळ फुकट देऊन वर पैसे भरणं.

काही खात्यांत न विकण्याजोगा माल ठरावीक दिवसांनी आपोआप नष्ट करण्याचं सेटिंग असतं. ते आजच उघडून बघा आणि ‘परत पाठवा’ वर ठेवा. न विकण्याजोगा ठरलेला मालही जागा अडवतो आणि त्याचंही भाडं लागतं, म्हणून तो महिन्यातून एकदा परत मागवून घ्या.

तांबं पडून पडून काळं होतं. त्याची मर्यादा कशी धरायची?

बाटलीच्या बाबतीत खरी मर्यादा हीच. भिवंडीची हवा पावसाळ्यात दमट असते. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली तांब्याची बाटली आतल्या ओलाव्याने डागाळते, विशेषतः धुऊन पूर्ण वाळवली नसेल तर. मग गिऱ्हाईक लिहितं, ‘वापरलेली वस्तू पाठवली.’ परताव्याच्या कारणांत हे वाक्य वाढलं की समजा, माल जुना होतोय. भाड्याच्या बिलाआधी ही खूण दिसते.

आम्ही बाटली पुसून, उन्हात वाळवून, धातू काळवंडू नये म्हणून मिळणाऱ्या व्हीसीआय कागदात गुंडाळतो, आत सिलिकाची पुडी टाकतो आणि झाकण घट्ट लावत नाही. एवढं करूनही पावसाळ्यात दीड महिन्याच्या आणि इतर वेळी दोन महिन्यांच्या वर माल पाठवत नाही. आणखी एक गोष्ट: भाड्याच्या हिशोबात जुना नग आधी जातो, प्रत्यक्षात तसं होईलच असं नाही. एखादी बाटली रॅकच्या मागे चार महिनेही राहू शकते. लॅकर लावलेला माल बाहेरून टिकतो, पण पाणी पिण्याच्या भांड्याच्या आत लॅकर नको.

सोबत बेदाणेही विकत असू तर तेही पाठवावेत का?

थोडे, आणि वारंवार. पिंपळगावकडचे व्यापारी बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात ते उगीच नाही, उन्हाळ्यात उकाड्याने त्याचा रंग उतरतो आणि तो चिकट होतो. फुलफिलमेंट सेंटर म्हणजे कोल्ड स्टोरेज नव्हे. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन आठवड्यांपुरताच माल ठेवा. खाण्याच्या वस्तूला भाड्याच्या आधी एक्सपायरीची तारीख आडवी येते, आणि माल जिथे साठवायचा त्या जागेचा एफएसएसएआय परवानाही लागतो.

थोडा थोडा माल पाठवायचा तर दर वेळी कागदपत्रांचा त्रास नाही का?

भिवंडीपुरता नाही. नाशिकच्या विक्रेत्याला हे वरदानच आहे. सेंटर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळूनही जाता येतं. सकाळी निघालेला टेम्पो संध्याकाळी परत.

सेंटरचा पत्ता आधी तुमच्या जीएसटी नोंदणीत धंद्याची जादा जागा म्हणून घालून घ्यावा लागतो. त्यासाठीचं संमतीपत्र मार्केटप्लेसकडून मिळतं. त्यानंतर दोन्ही जागा एकाच महाराष्ट्राच्या जीएसटीआयएनखाली येतात, म्हणून माल पाठवणं ही विक्री धरली जात नाही. कर नाही, डिलिव्हरी चलन पुरतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, विक्री नसली तरी.

दिल्ली किंवा बेंगळुरूच्या सेंटरलाही ठेवू का?

समईसारख्या मालाला नको. त्या राज्यात वेगळी जीएसटी नोंदणी लागते, आणि तुमच्याच एका नोंदणीतून दुसरीकडे पाठवलेला माल कायद्याने पुरवठा धरतात. आयजीएसटी आधी भरा, क्रेडिट नंतर वळतं करा, तोवर पैसा अडकतो. त्याहून मोठी अडचण शेपटाची. महिन्याला दोनचा खप तीन सेंटरांत वाटला की प्रत्येक ठिकाणी शेवटचा नग तिप्पट दिवस बसतो. रोज तीन खपणाऱ्या बाटलीला दुसरं सेंटर परवडेल, तेही त्या बाजूच्या ऑर्डरी खरोखर निम्म्याच्या आसपास असतील तर.

सिंहस्थासाठी लोट्या आणि गडू सेंटरला भरून ठेवावेत का?

नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. रामकुंडावर स्नान केलेला माणूस गंगेचं पाणी न्यायला लोटी पंचवटीतच घेतो, भिवंडीहून मागवत नाही. तो माल दुकानात हवा. ऑनलाइन मागणी आलीच तर नाशिकहून पाठवा, खोक्यावर नाशिकचा पत्ता असणं त्या गिऱ्हाइकाला आवडतंच.

दर आठवड्याला नेमकं काय बघायचं?

आमच्याकडे सोमवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, एक माणूस अर्धा तास बसतो. इन्व्हेंटरी एज रिपोर्ट उघडून प्रत्येक वस्तूचा शिल्लक आकडा आणि गेल्या ३० दिवसांचा खप घेतो. शिल्लकेला खपाने भागून शेवटचा नग किती महिन्यांनी जाईल ते वहीत लिहितो. त्या शेजारी त्या वस्तूची मर्यादा आधीच लिहिलेली असते: बाटली दोन, पावसाळ्यात दीड, समई दोन, परतीची समई साडेतीन. मर्यादा ओलांडलेल्या ओळीभोवती लाल गोल करतो. लाल गोल असलेल्या वस्तूची नवी खेप त्या आठवड्यात टेम्पोत चढत नाही, गोदामात कितीही रचून ठेवलेली असली तरी.